दोन पर्याय विचारले आणि उत्तर आलं ‘हो’: निवड पक्की कशी करायची?

प्रश्न: मी रिमोट सपोर्टच्या चॅटवर काम करते. एका ग्राहकाचा लॅपटॉप रीसेट करायचा होता. मी विचारलं, ‘तुमच्या फाइल्स ठेवून रीसेट करू की सगळं पुसून?’ उत्तर आलं, ‘हो’. तोच प्रश्न पुन्हा पाठवला, पुन्हा ‘हो’. तिसऱ्यांदा विचारायला संकोच वाटतो, कारण समोरचा वैतागतो. अशा वेळी नक्की काय हवंय ते कसं पक्कं करायचं?

उत्तर:

तिसऱ्यांदा विचाराच, पण तोच प्रश्न नको. ज्याला ‘हो’ हे उत्तर बसूच शकत नाही असा प्रश्न विचारा आणि उत्तराचा शब्द ग्राहकाच्या हातात आयता द्या. तुमच्या जागी मी असं लिहिलं असतं:

‘सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की करतो. या लॅपटॉपवरचे तुमचे फोटो आणि कागदपत्रं यांचं काय करायचं? राहायला हवी असतील तर ठेवा असं लिहा. कायमची काढून टाकायची असतील तर पुसा असं लिहा. तुमचा शब्द आल्याशिवाय मी काही सुरू करत नाही.’

यात ‘करू की करू’ नाही, ‘काय करायचं’ आहे. ‘काय करायचं?’ याला कुणी ‘हो’ म्हणालंच, तर त्यानं मजकूर वाचलेला नाही किंवा त्याला तो समजलेला नाही, हे लगेच कळतं. दोन पर्यायांच्या प्रश्नावर आलेल्या ‘हो’ने तेवढंही कळत नाही, कारण तो ‘हो’ दिसायला अगदी रीतसर उत्तरासारखा असतो. खरा धोका तिथे आहे. उत्तर आलंच नाही तर आपण थांबतो. ‘हो’ आलं की हात पुढे सरकतो.

आता हा ‘हो’ येतो कुठून ते पाहू, कारण तो कुठून आला यावर पुढचं वाक्य ठरतं.

आपण समोरासमोर ‘हे की ते?’ विचारतो तेव्हा आवाज पहिल्या पर्यायावर चढतो आणि दुसऱ्यावर उतरतो. त्या उतरण्यावरून ऐकणाऱ्याला कळतं की पर्याय संपले, आता यातला एक निवडायचा आहे. चॅटमध्ये आवाज नाही. उरतं फक्त वाक्य, आणि त्याच वाक्यात दोन प्रश्न वाचता येतात. एक, ‘यातलं कुठलं?’ आणि दुसरा, ‘यातलं काहीतरी करू का?’ कॉम्प्युटर बंद पडल्याने आधीच कावलेला माणूस दुसरा प्रश्न वाचतो. त्याच्या लेखी तुम्ही विचारलंत, ‘रीसेट करू का?’ तो म्हणाला, ‘हो, करा.’ त्याच्या बाजूने उत्तर पूर्ण आहे. म्हणूनच तोच प्रश्न पुन्हा आला की तो चिडतो: ‘सांगितलं ना, हो म्हणून.’ हा वैताग पुन्हा विचारल्याचा नसतो, आपलं उत्तर कुणी वाचलंच नाही असं वाटल्याचा असतो. प्रश्न बदलून आला, आणि आधीच्या ‘हो’ची दखल घेऊन आला, तर तिसऱ्यांदा विचारूनही माणसं बहुतेक वेळा शांतपणे उत्तर देतात.

दुसरं कारण अगदी साधं आहे. ग्राहक फोनवरून चॅट करत असेल तर नोटिफिकेशनच्या पट्टीत तुमच्या मेसेजचा सुरुवातीचाच तुकडा त्याला दिसतो. ‘तुमच्या फाइल्स ठेवून रीसेट करू…’ इथे मजकूर तुटला तर त्याला दोन पर्याय होते हेच माहीत नसतं. तिथूनच तो ‘हो’ टाकतो. अशा वेळी त्याच्या ‘हो’चा अर्थ ‘फाइल्स ठेवा’ असा असतो. पण ते कळायला तुमच्याकडे मार्ग नसतो, कारण हाच ‘हो’ शेवटचा पर्याय लक्षात राहिलेला माणूसही देतो.

तिसरं कारण सर्वांत फसवं, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा आढळणारं. तो ‘हो’ तुमच्या या प्रश्नाचा नसतोच. तुम्ही आधी काहीतरी विचारलेलं असतं, ग्राहक त्याचं उत्तर टाइप करत असतो, तेवढ्यात तुमचा पुढचा प्रश्न जातो आणि ‘हो’ त्याच्याखाली जाऊन बसतो. स्क्रीनवर सवाल-जवाब एकाखाली एक दिसतात म्हणून आपण ते एकमेकांचे समजतो. त्यामुळे ‘हो’ आला की आधी चॅट थोडी वर सरकवा आणि त्याच्या आधीचा हो-नाहीचा प्रश्न कुठला होता ते पाहा. वेळही पाहा. दोन ओळींचा प्रश्न गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला ‘हो’ आला असेल, तर तो वाचून दिलेला असण्याची शक्यता कमी.

चौथं कारण: ग्राहकाला दोन्ही पर्यायांतला फरकच कळलेला नाही आणि ते कबूल करायला त्याला अवघड वाटतंय. ‘रीसेट’, ‘क्लीन इन्स्टॉल’, ‘प्रोफाइल’ असे शब्द आले की पुष्कळ जण ‘हो’ म्हणून तज्ज्ञावर सोपवून मोकळे होतात. या ‘हो’चा अर्थ असतो, ‘तुम्हाला कळतं, तुम्ही ठरवा.’

ही चारही कारणं एकाच अक्षरामागे दडतात. म्हणून ‘बहुधा त्याला पहिलंच म्हणायचं असेल’ असा तर्क करून पुढे जाऊ नये. प्रश्नावलींच्या अभ्यासात ही गोष्ट जुनी आहे: पर्याय वाचून उत्तर देणाऱ्यांचा कल सुरुवातीच्या पर्यायांकडे झुकतो आणि ऐकून उत्तर देणाऱ्यांचा शेवटच्या पर्यायांकडे. नेहमी नाही, पण झुकतो. म्हणजे चॅटवर तुम्ही केलेला तर्क आणि तुमच्या शेजारच्या सहकाऱ्याने फोनवर केलेला तर्क उलटसुलट निघू शकतात, आणि दोघांनाही आपलाच बरोबर वाटत असतो.

पुष्कळ जण इथे ‘मग फाइल्स ठेवायच्या ना?’ असं विचारून काम भागवतात. हा मार्ग सरसकट वाईट नाही, तो कधी चालतो ते पुढे सांगतो. पण जो माणूस एका प्रश्नाला न वाचता ‘हो’ म्हणाला, तो दुसऱ्यालाही तसाच ‘हो’ म्हणेल. होकार देण्याकडे माणसाचा कल असतोच, त्यात समोर जाणकार बसलेला असला की तो आणखी वाढतो. ‘मग सगळं पुसायचं ना?’ असं विचारलं असतं तरी त्याने ‘हो’ म्हटलं असतं का, हे स्वतःला विचारून पाहा. उत्तर ‘कदाचित’ असेल तर त्या ‘हो’ने काहीच पक्कं झालेलं नाही.

विमानांच्या रेडिओ संभाषणात ही अडचण नियमानेच सोडवलेली आहे. तिथे ROGER या शब्दाचा अर्थ ‘तुमचा शेवटचा संदेश मला पूर्ण मिळाला’ एवढाच आहे. होकार, नकार किंवा पूर्ण वाक्य म्हणून दाखवणं अपेक्षित असेल, तर तिथे ROGER म्हणायला स्पष्ट मनाई आहे. धावपट्टीवर जाण्यासारखी परवानगी मिळाली की वैमानिक ती स्वतःच्या तोंडाने परत म्हणून दाखवतो आणि नियंत्रक ती ऐकून पडताळतो. संदेश पोचला आणि संदेशातलं अमुक करायचं ठरलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या चॅटमधला ‘हो’ बऱ्याचदा पहिल्या जातीचा असतो आणि आपण तो दुसऱ्या जातीचा समजतो.

आता तुमच्याच प्रकारचा एक प्रसंग तपशिलात घेऊ. विंडोजमध्ये रीसेट निवडलं की पहिल्याच पडद्यावर दोन पर्याय येतात, `Keep my files` आणि `Remove everything`. पहिल्यात ग्राहकाच्या वैयक्तिक फाइल्स राहतात, पण त्याने स्वतः टाकलेले प्रोग्रॅम आणि बदललेली सेटिंग्ज जातात. दुसऱ्यात फाइल्सही जातात. लॅपटॉप असेल तर तो चार्जिंगला लावलेला हवा, म्हणून एजंट आधी तेही विचारतो. संभाषण असं झालं:

> एजंट (४:१२): लॅपटॉप चार्जिंगला लावलेला आहे ना? मध्येच बंद पडायला नको.
> एजंट (४:१२): आणि रीसेट करताना फाइल्स ठेवू की सगळं पुसून नव्याने सुरू करू?
> ग्राहक (४:१३): हो

एका मिनिटात दोन प्रश्न गेले आणि उत्तर एक आलं. इथे ‘हो’ चार्जिंगचा असण्याची शक्यताच जास्त. एजंटने पुढे जे केलं ते मला आवडलं. त्याने ‘हो’ वाया जाऊ दिला नाही:

> एजंट: छान, चार्जिंग लावलंय असं समजतो. आता फाइल्सचं ठरवू. तुमचे फोटो, कागदपत्रं यांचं काय करायचं? राहायला हवी असतील तर ‘ठेवा’ लिहा, कायमची काढायची असतील तर ‘पुसा’ लिहा.
> ग्राहक: तुम्हाला योग्य वाटेल ते करा

प्रश्न बदलल्याबरोबर खरं कारण बाहेर आलं. त्याला निवडायचंच नव्हतं, सोपवायचं होतं. पण अशा वेळी एजंटने निवड आपल्या अंगावर घ्यायची नसते, कारण त्या लॅपटॉपवर काय आहे आणि ते किती मोलाचं आहे, हे फक्त ग्राहकाला माहीत असतं. तांत्रिक माहिती आपली असते, वस्तूंची माहिती त्याची. म्हणून इथे पर्याय बाजूला ठेवायचे आणि वस्तूंबद्दल विचारायचं:

> एजंट: ठरवायला मदत करतो. या लॅपटॉपवर असं काय काय आहे, जे दुसरीकडे कुठेच नाही?
> ग्राहक: मुलांचे फोटो आहेत पण ते क्लाउडवर पण आहेत बहुतेक

‘बहुतेक’ हा शब्द दिसला की ‘पुसा’चा विषय तिथेच संपतो. क्लाउडवर आहेत असं वाटणं आणि ते तिथे उघडून पाहिलेलं असणं यात फार अंतर आहे. सिंक महिन्यांपूर्वी बंद पडलेलं असतं आणि कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं. एजंटने लिहिलं:

> एजंट: मग फाइल्स ठेवूनच करू. म्हणजे फोटो, कागदपत्रं राहतील. तुम्ही नंतर टाकलेले प्रोग्रॅम मात्र जातील, ते पुन्हा टाकावे लागतील. त्यातला कुठला प्रोग्रॅम रोजच्या कामाचा आहे?
> ग्राहक: प्रोग्रॅम जाणार? हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे त्यात माझं

हे वाक्य पहिल्या ‘हो’वर काम सुरू केलं असतं तर कधीच आलं नसतं. लक्षात घ्या, इथे एजंटने सावध पर्याय निवडूनही नुकसान झालं असतं. ‘फाइल्स ठेवा’ असं ग्राहकाने स्पष्ट लिहिलं असतं, तरीही ‘फाइल्स’ म्हणजे काय हे दोघांच्या मनात वेगवेगळं होतं. ग्राहकाच्या मनात हिशेब त्यातच धरलेला होता. जुन्या पद्धतीची काही सॉफ्टवेअर आपला डेटा प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये ठेवतात, आणि `Keep my files` निवडल्यावर तो वाचेलच अशी खात्री धरता येत नाही. म्हणून एजंटने रीसेट थांबवलं, सॉफ्टवेअरमधूनच बॅकअप काढून तो बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवायला लावला, लायसन्स-की ग्राहकाकडे आहे ना ते पाहिलं आणि मगच पुन्हा विषय काढला. शेवटी विचारलं ते असं: ‘आता रीसेट सुरू करतोय. काय राहणार आणि काय जाणार, ते एकदा तुमच्या शब्दांत सांगा.’ उत्तर आलं, ‘फोटो फाइल राहणार, प्रोग्रॅम परत टाकायचे, हिशेब पेनड्राइव्हवर आहे.’ याला मी पक्की निवड म्हणतो. त्यात ‘हो’ कुठेच नाही.

पर्यायाचं नाव पक्कं करून थांबू नका, परिणाम पक्का करा, असं मी टीममधल्या नव्या लोकांना सांगतो ते यासाठीच. ‘पहिला पर्याय’, ‘रीसेट टाइप दोन’, ‘फाइल्स ठेवून’ ही आपल्या बाजूची नावं आहेत. ‘उद्या सकाळी लॅपटॉप उघडल्यावर काय दिसेल’ ही ग्राहकाची बाजू आहे. निवड नावावर पक्की झाली आणि परिणाम दोघांच्या मनात वेगळा राहिला, तर तक्रार येणारच.

दर वेळी एवढं करायचं का? नाही, आणि करूही नये. किती पक्कं करायचं हे एकाच गोष्टीवर ठरतं: चुकलं तर परत फिरता येतं का?

परत फिरता येत असेल तर ‘हो’नंतर ग्राहकाला पुन्हा प्रश्न विचारू नका. जो पर्याय निवडल्यावर दुसरा पर्यायही खुला राहतो, तो घ्या आणि काय करताय ते सांगा. समजा विचारलं होतं, ‘सदस्यत्व आत्ताच बंद करू की मुदत संपल्यावर?’ आणि उत्तर आलं ‘हो’. मुदतीअखेरचा पर्याय घेतला तर ग्राहक उद्या येऊन ‘आत्ताच बंद करा’ म्हणू शकतो. आत्ताच बंद केलं तर कदाचित त्याचा उरलेला काळ आणि त्यातलं कामही गेलं. म्हणून लिहायचं: ‘बंद करण्याची नोंद घेतली. मुदत संपेपर्यंत सेवा चालू राहील, त्यानंतर आपोआप बंद होईल. आजच बंद करायची असेल तर “आजच” लिहा, लगेच करतो.’ ग्राहकाचं काम झालं, चुकलं असेल तर दुरुस्तीचा शब्द त्याच्या हातात आहे. अर्थात, ‘आत्ताच’ म्हणण्यामागे पैसे परत मिळण्याची अट असेल, तर मुदतीअखेरचा पर्यायही सुरक्षित उरत नाही. कुठला पर्याय दार उघडं ठेवतो, हे आपल्या सेवेचे नियम पाहून आधीच ठरवून ठेवावं. ऐन चॅटमध्ये ते नीट सुचत नाही.

याच जागी ‘मग फाइल्स ठेवायच्या ना?’ या धर्तीचा एकेरी प्रश्नही चालतो. चुकीच्या ‘हो’ने फारसं बिघडत नसेल आणि विचारलेला पर्याय दोन्हींतला सौम्य असेल, तर खुशाल विचारा. उलट दिशेने कधीही विचारू नका. ‘मग सगळं पुसायचं ना?’ यावर आलेल्या ‘हो’च्या आधारावर काहीही पुसू नये. त्या दिशेला ग्राहकाने स्वतः लिहिलेला शब्दच हवा. गिटहब या कोड साठवण्याच्या साइटवर रिपॉझिटरी, म्हणजे एखाद्या प्रकल्पाचा सगळा कोड, काढून टाकताना तिचं नाव हाताने टाइप करावं लागतं, त्यामागे हाच विचार आहे. बटण सवयीने दाबलं जातं, नाव लिहिताना माणूस क्षणभर थांबतो.

परत फिरता येत नसेल तर मौनाला संमती धरू नका. ‘दहा मिनिटांत उत्तर आलं नाही तर फाइल्स ठेवून सुरू करतो’ असं लिहिणारे एजंट मी पाहिले आहेत. हेतू चांगला असतो, वेळ वाचवायचा असतो. पण वरच्या प्रसंगात याच वाक्याने हिशेबाचं सॉफ्टवेअर गेलं असतं.

मुळात पहिल्याच प्रश्नाला ‘हो’ येऊ नये म्हणून काय करता येईल, त्याबद्दलही सांगतो. सर्वांत जास्त फरक पडतो तो एका मेसेजमध्ये एकच प्रश्न पाठवण्याने. चार्जिंगचं उत्तर येऊ द्या, मग फाइल्सचं विचारा. दुसरं म्हणजे वाक्य ‘करू का’, ‘चालेल का’, ‘हवंय का’ याने संपवू नका. ‘फाइल्स ठेवून किंवा पुसून रीसेट केलं तर चालेल का?’ याचं बरोबर उत्तर ‘हो’च आहे, तिथे दोष ग्राहकाचा नाही. प्रश्नाची सुरुवात ‘काय’, ‘कुठलं’, ‘कसं’ने होऊ द्या आणि पर्याय वेगवेगळ्या ओळींवर ठेवा, म्हणजे नोटिफिकेशनमध्ये मजकूर तुटला तरी निदान ‘काय करायचं?’ एवढं दिसेल.

पर्यायांना आकडे द्यायला हरकत नाही, पण मला आकड्यांपेक्षा शब्द बरे वाटतात. ‘१ किंवा २ लिहा’ म्हटलं की ग्राहक ‘दुसरं करा’ असं लिहितो, आणि त्याला दोन नंबरचं म्हणायचंय की या दोन्हींपेक्षा वेगळं काही, हे कळत नाही. आकडे वापरलेच तर पुन्हा विचारताना क्रम बदलू नका. पहिल्या वेळी ‘१’ म्हणजे ‘ठेवा’ आणि दुसऱ्या वेळी ‘१’ म्हणजे ‘पुसा’ असं झालं, तर वरचा मेसेज पाहून उत्तर देणारा नेमका उलट उत्तर देईल. शब्द निवडतानाही ते दिसायला आणि ऐकायला एकमेकांपासून लांबचे असावेत. ‘ठेवा’ आणि ‘पुसा’ यांत गोंधळ होत नाही. ‘ठेवा’ आणि ‘ठेवू नका’ यांत होतो, कारण घाईत ‘नका’ वाचायचा राहून जातो. नकारार्थी प्रश्नही टाळाच. ‘जुन्या फाइल्स नको आहेत ना?’ याला ‘हो’ आलं तर ‘हो, नको आहेत’ की ‘हो, हव्या आहेत’, हे कुणीच सांगू शकणार नाही.

शब्द देऊनही तिसऱ्यांदा ‘हो’च आलं तर चॅटवर आणखी प्रयत्न करू नका. ते माध्यम त्या माणसाला जमत नाहीये. कदाचित तो दुसऱ्याच कामात आहे, कदाचित त्याला वाचायला अडचण आहे, कदाचित लॅपटॉप एकाचा आणि उत्तरं देणारा दुसराच कुणी आहे. हे शेवटचं वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं, म्हणून ‘लॅपटॉप तुम्ही स्वतः वापरता ना, की दुसरं कुणी?’ असं न विचारता ‘हा लॅपटॉप कोण वापरतं?’ असं विचारा. मग फोन करा. तिथेही दोन्ही पर्याय एका दमात सांगू नका. ऐकताना लोक ‘हं’, ‘हो’, ‘बरं’ म्हणतच असतात, तो फक्त ‘ऐकतोय’ असा प्रतिसाद असतो. एक पर्याय सांगा, त्याने काय होईल ते सांगा, थांबा. मग दुसरा. मग विचारा, ‘आता मी नेमकं काय करू, ते सांगा.’ आणि तो जे बोलेल ते त्याच शब्दांत त्याला परत म्हणून दाखवा.

संकोचाबद्दल एवढंच सांगेन की पुन्हा विचारताना चूक ग्राहकाच्या पदरात टाकू नका. ‘तुम्ही नीट उत्तर दिलं नाही’, ‘कृपया प्रश्न पूर्ण वाचा’ असं काही लिहिलंत तर पुढचं उत्तर घाईत आणि रागात येईल, आणि रागात दिलेल्या उत्तरावर काही पुसणं आणखी धोक्याचं. ‘मी एकदम दोन गोष्टी विचारल्या, म्हणून एकेक करून विचारतो’ एवढं पुरतं, आणि ते खरंही असतं.

तिकिटात नोंद करताना ‘ग्राहकाने संमती दिली’ असं लिहू नका. तुमचा शेवटचा प्रश्न आणि ग्राहकाचं उत्तर जसंच्या तसं, वेळेसकट चिकटवा. पुढच्या पाळीतला सहकारी ‘संमती दिली’ हे वाचून कुठल्या पर्यायाला दिली याचा पुन्हा तर्कच करेल. ‘फोटो फाइल राहणार, प्रोग्रॅम परत टाकायचे’ हे वाचून त्याला तर्क करावा लागणार नाही. ग्राहक ‘हो’ म्हणून गायब झाला असेल तर तिकीट ‘काम सुरू’मध्ये ढकलू नका. ‘निवड बाकी’ असं लिहून लॅपटॉपला हात न लावता ठेवा आणि जाताना त्याला मेसेज करून ठेवा: ‘अजून काहीही पुसलेलं नाही. फाइल्सबद्दल “ठेवा” किंवा “पुसा” असं कळवलंत की तिथूनच पुढे सुरू करू.’